थर्माकोल आणि चमकीविना मखर : तयारीची यादी

घरच्या गणपतीसाठी थर्माकोल आणि चमकी टाळून मखर करायचे असेल, तर तयारी श्रावणाच्या सुरुवातीलाच हाती घ्यावी, कारण या कामात वेळ कापण्यात किंवा रंगवण्यात जात नाही, तो वाळवण्यात जातो, आणि वाळवणीला आपल्याकडे नेमके पावसाळ्याचे दिवस मिळतात. पुढील यादी साधारण एक फूट उंचीची मूर्ती, तिच्यामागे तीन फूट उंच आणि दोन फूट रुंद पाठ, दोन खांब आणि वरती महिरप एवढ्या मखराची आहे. कात्री, पट्टी, पेन्सिल, जुनी वर्तमानपत्रे यांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे पुठ्ठा. शीतकपाट किंवा धुलाई यंत्र ज्यातून येते ते मोठे खोके विद्युत उपकरणांच्या दुकानात मागितल्यास सहसा मिळते. त्याच्या आत लहरी असलेला कागद असतो आणि त्या लहरींमुळे पुठ्ठ्यात एकाच दिशेने जाणाऱ्या पन्हाळ्या तयार होतात. पाठ कापताना या पन्हाळ्या उभ्या राहतील असेच कापावे, कारण पन्हाळ्या आडव्या असतील तर उभा केलेला पुठ्ठा स्वतःच्या भाराने मधोमध मोडतो. एका थराने भागत नाही. दोन तुकडे घेऊन एकाच्या पन्हाळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या ठेवून ते एकमेकांवर चिकटवले, तर थर्माकोलच्या जाड पट्टीइतका ताठपणा सहज मिळतो. खांबांसाठी कापडाच्या दुकानात ठाण गुंडाळून येणाऱ्या पुठ्ठ्याच्या नळ्या मागून आणाव्यात.

दुकानात सनबोर्ड म्हणून जे पांढरेशुभ्र, हलके फळकूट मिळते ते पुठ्ठा नव्हे, फुगवलेले प्लास्टिक आहे. फोम शीट, गरम गोंदाच्या बंदुकीतील कांड्या आणि कापडासारखे दिसणारे न विणलेले पातळ कापड हीसुद्धा प्लास्टिकच आहेत. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर 2018 पासून आणि देशभर 1 जुलै 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे तो उघडपणे कमी दिसतो. त्याच्या जागी ही मंडळी ‘पर्यावरणपूरक’ अशी चिठ्ठी लावून बसलेली असतात आणि माणूस फसतो.

दुसरी गोष्ट खळ. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावा, चार वाट्या उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडावा आणि मिश्रणाचा पांढरेपणा जाऊन ते अर्धपारदर्शक होईपर्यंत ढवळत राहावे. उतरवल्यावर पाव चमचा तुरटीची पूड घालावी, म्हणजे खळ थोडी अधिक टिकते. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत असत, पण तो विषारी आहे आणि नंतर मखर कंपोस्टमध्ये घालायचे असल्याने तो येथे नको. पावसाळ्यात ही खळ दोन दिवसांपलीकडे वापरू नये. आंबूस वास आला की ती टाकून द्यावी, कारण आंबलेल्या खळीने चिकटवलेल्या कागदावर बुरशीचे राखी ठिपके हमखास उठतात.

आता तिसरी गोष्ट, आणि बाकी सारी यादी विसरली तरी ही विसरू नये : पाठीच्या पुठ्ठ्यावर समोरून कागद चिकटवला, की मागच्या बाजूलाही तेवढाच आणि त्याच जातीचा कागद लगेच चिकटवावा. मागची बाजू कोणाला दिसणार आहे, असा विचार मनात येतो. मागच्या वर्षी माझ्याही मनात तो आला आणि प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री पाठीच्या दोन्ही कडा मूर्तीच्या बाजूला वळून संपूर्ण महिरप उघड्या पुस्तकासारखी अर्धवट मिटली. कारण साधे आहे. ओला कागद पसरतो आणि वाळताना आक्रसतो. तो एकाच बाजूला असेल तर आक्रसताना पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. मागेही तसाच कागद असेल तर दोन्ही ओढी एकमेकींना तोलतात आणि पुठ्ठा सरळ राहतो.

यातील फसवणूक अशी की चिकटवल्याबरोबर पुठ्ठा उलट्या दिशेला, म्हणजे मागे वाकतो, कारण तेव्हा कागद पसरलेला असतो. काही तासांनी तो वाळत वाळत सरळ होतो आणि आपण निर्धास्त होतो. खरा प्रकार त्यानंतर सुरू होतो, म्हणजे सरळ झालेला पुठ्ठा तेथे न थांबता पुढे वळत जातो. म्हणून पुठ्ठा सरळ दिसतो आहे याला अर्थ नाही, तो वाळून सरळ दिसतो आहे का, हे पाहावे. तळहाताची मागची बाजू टेकवल्यावर गारवा लागला तर अजून ओल आहे असे समजावे.

हे सारे रंगालाही लागू आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. समोर गेरू फासला, तर मागे रंग नको असला तरी निदान पातळ खळीचा एक हात द्यावा. समोर पाणी, तर मागेही पाणी. दोन थर एकमेकांवर चिकटवतानाही खळ पातळ आणि सारखी लावावी आणि दोन्ही कागद लावून झाल्यावर तो पुठ्ठा रद्दीच्या घड्यांमध्ये ठेवून वर फळी आणि जड पुस्तकांचे वजन द्यावे. ती रद्दी सकाळ-संध्याकाळ बदलावी, नाही तर ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. पंखा चालू ठेवावा. कडक उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवून घाई करू नये, कारण एक बाजू आधी वाळली की पुन्हा तोच वाक येतो. पाठ वजनाखाली किमान चार दिवस राहील असे वेळापत्रक आखावे. कापडाच्या ठाणाच्या नळ्यांना हा त्रास होत नाही, त्या गोल असल्याने सर्व बाजूंनी सारख्या ओढल्या जातात.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. गेरू, चुना आणि काजळी हे तीन रंग भरवशाचे आहेत, ते पातळ खळीत कालवून लावावेत. हळदीचा पिवळा उन्हात फिका पडतो आणि चुन्याला लागला की लाल होतो, तेव्हा हळद व चुना शेजारी शेजारी लावू नयेत. बिटाचा रंग लावूच नये, तो तपकिरी पडतो. रंगीत क्रेप कागद दमट हवेत रंग सोडतो आणि मूर्तीच्या वस्त्रावर डाग पडतात.

चमकीचा प्रश्न खरोखर विचार करायला लावणारा आहे. बाजारातील चमकी म्हणजे धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिकच्या पापुद्र्याचे बारीक तुकडे असतात. ते गोळा करता येत नाहीत, झाडून काढले तरी उरतात आणि विसर्जनाच्या पाण्यात जातात. ‘विघटनशील’ असे लिहिलेली पुडी मिळाली तरी तिच्यातील चिमूटभर जुन्या चमच्यावर घेऊन खिडकीजवळ ज्योतीवर धरावी. वितळून काळी गोळी झाली तर ती प्लास्टिकची आहे. अभ्रकाची पूड असेल तर ती तशीच राहील. मात्र अभ्रक खनिज असल्याने कुजणार नाही, हेही लक्षात ठेवावे. सोनेरी कागद तपासण्यासाठी तो मुठीत चुरगळावा. मूठ उघडताच तो आपोआप उलगडू लागला तर त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा आहे.

यापेक्षा चांगली चमक गव्हाच्या काडाची असते, हे बहुतेकांना सुचत नाही. काडाच्या बाहेरच्या बाजूला निसर्गतः गुळगुळीत सोनेरी झाक असते. अखंड काड अर्धा तास गरम पाण्यात भिजवावे, नखाने किंवा सुरीच्या टोकाने उभे चिरावे, उघडून पालथे घालावे आणि मध्यम तापलेल्या इस्त्रीने सपाट करावे. त्याच्या पट्ट्या कापून महिरपीच्या कडेला एक आडवी, एक उभी, अशा लावल्या, की पट्टीच्या दिशेनुसार प्रकाश वेगवेगळा परततो आणि समईच्या उजेडात कड हलल्यासारखी दिसते. चमकीत हे होत नाही, ती सगळीकडून सारखीच लुकलुकते. अडचण एवढीच की गहू फाल्गुन-चैत्रात निघतो आणि यंत्राने मळणी झाली की काडाचा भुसा होतो, त्यामुळे हाताने कापणी करणाऱ्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे उन्हाळ्यातच एक पेंढी सांगून ठेवावी. भाताचा पेंढा चालत नाही, तो चिरताना फाटतो.

थर्माकोलची पांढरी कोरीव फुले हवीच असतील तर भेंड वापरावा. लग्नातील बाशिंगे ज्या हलक्या, पांढऱ्या गाभ्यापासून करतात तोच हा भेंड. धारदार पातळ पात्याने तो सोलून त्याच्या पापुद्र्यांच्या पाकळ्या करता येतात. तो ओल शोषून पिवळा पडतो, म्हणून फुले शेवटच्या आठवड्यात करावीत आणि त्याच्यावर कोणताही भार टाकू नये.

शेवटचे दिवस. मखर उभे करताना पाठीमागे बांबूच्या दोन कामट्या सुतळीने बांधाव्यात, पुठ्ठ्याला भोके पाडून. कामटी बांधण्यापूर्वी पाठ पुन्हा एकदा सपाट जमिनीवर पालथी ठेवून कोपरे टेकतात का पाहावे, आणि मागचा कागद कुठे सुटला असेल तर तेथेच खळ लावून पुन्हा वजन द्यावे, कारण मागचा कागद सुटला म्हणजे पुढचा ओढायला मोकळा झाला. झेंडू आणि आंब्याची पाने आदल्या संध्याकाळी. समई पाठीपासून दोन हात दूर. हार पाठीला टांगू नयेत, ओले असतात.

विसर्जनानंतर काड आणि भेंड सुटे करून निर्माल्यासोबत कंपोस्टमध्ये घालावेत. नळ्या पुढच्या वर्षाला ठेवाव्यात. पाठ ठेवायची असल्यास आडवी, वजनाखाली आणि कोरड्या जागी ठेवावी. ठेवायची नसल्यास भिजवून, फाडून ओल्या कचऱ्यात कोरडा थर म्हणून घालावी, त्याआधी सुतळी सोडून घ्यावी.