वेबकॅमच्या दोन फ्रेमची तुलना करताना या चुका टाळा

माझी मावशी नाशिकला राहते. रोज संध्याकाळी ती सातवी-आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. मागच्या महिन्यात तिने मला दोन स्क्रीनशॉट पाठवले आणि फोन केला. "मागचं कपाट झाकलं बघ. आता तरी बरं दिसतंय का?" पहिल्या फ्रेममध्ये तिच्या मागे पुस्तकांनी आणि पिशव्यांनी भरलेलं गडद लाकडी कपाट होतं, दुसरीत त्यावर पांढरी चादर. मागची बाजू खरंच नीटनेटकी झाली होती, पण चेहरा काळवंडला होता. ट्यूबलाइट तीच, खुर्ची तीच, वेळही तीच सातची.

घरच्या सेटअपच्या फ्रेम शेजारी ठेवून बघताना सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. उजेड, मागची बाजू आणि फ्रेमची चौकट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत असं धरून आपण एकेक सुधारत जातो. कॅमेरा मात्र त्यांच्याकडे एकत्रच बघतो. लॅपटॉपमधले बरेचसे साधे कॅमेरे चित्राचा बहुतेक भाग धरून उजेडाचा अंदाज घेतात आणि त्यावरून चित्र किती उजळ करायचं ते आपोआप ठरवतात. गडद कपाट असताना कॅमेऱ्याला वाटत होतं की खोलीत अंधार आहे, म्हणून तो सगळं उजळवत होता आणि त्यात मावशीचा चेहराही उजळत होता. पांढरी चादर आल्यावर त्याला वाटलं, उजेड भरपूर आहे. त्याने सगळं खाली आणलं. दिवसा पाठीमागे खिडकी उघडी असली की चेहरा काळा पडतो, त्याचं कारणही हेच.

शंका आली तर लगेच तपासता येतं. मावशीला म्हटलं, जागेवरून हलू नकोस, फक्त चादरीवर तुझी गडद निळी शाल टाक. दोन-तीन सेकंदांत चेहरा परत उजळला. म्हणजे दोष दिव्याचा नव्हता. चादर बदलायची किंवा चेहऱ्यावर समोरून जास्त उजेड आणायचा, हे दोनच उपाय होते. आम्ही दोन्ही केले. पांढरीऐवजी फिक्या मातकट रंगाची चादर लावली. अभ्यासाचा टेबललॅम्प लॅपटॉपच्या मागे ठेवून त्याचं तोंड समोरच्या भिंतीकडे वळवलं. भिंतीवरून परतलेला उजेड पसरट असतो, त्यामुळे नाकाची आणि चष्म्याच्या फ्रेमची कडक सावली पडत नाही. दिवा थेट तोंडावर मारला की ती पडतेच. अट एवढीच की भिंत पांढरी किंवा फिकी हवी आणि जवळ, दोनेक फुटांवर हवी. हिरव्या भिंतीवरून आलेला उजेड चेहराही हिरवट करतो.

दुसरी चूक म्हणजे चुकीची फ्रेम घेऊन बसणं. आपल्या स्क्रीनवर आपलं जे चित्र दिसतं ते मुलांना दिसतं तसं नसतं. झूममध्ये `Mirror my video` चालू असेल तर आपण स्वतःला आरशातल्यासारखे दिसतो, समोरच्याला मात्र सरळच. यावरून मावशीचा बराच गोंधळ झाला होता. पाठीमागच्या फळ्यावरची अक्षरं उलटी दिसतात म्हणून तिने फळा फ्रेमबाहेर काढला होता. मुलांना ती पहिल्यापासून सुलटीच दिसत होती! शिवाय आपल्याकडचं चित्र नेटवरून जाण्याआधीचं असतं, मुलांकडे पोचेपर्यंत ते दबतं आणि अंधाऱ्या भागातले बारकावे आधी जातात. म्हणून तुलनेची फ्रेम नेहमी दुसऱ्या फोनवरून क्लासमध्ये शिरून घ्यावी, तीही मोबाइल डेटावर. आणि ती मोठी करून बघू नये. मुलं बहुतेक वेळा फोनवरच बघतात, तेव्हा फ्रेम फोनवर जेवढी दिसते तेवढ्यातच ठेवून बघायची.

एवढ्या छोट्या आकारात मागच्या बाजूचा पसारा वेगळ्याच रीतीने खुपतो. कपाटातली वाकडी पुस्तकं कुणाच्या लक्षातही येत नाहीत. नजर जाते ती चकाकणाऱ्या आणि हलणाऱ्या गोष्टींकडे. स्टीलचा डबा, काचेच्या फ्रेममधल्या फोटोवर पडलेलं दिव्याचं प्रतिबिंब, वाऱ्याने उडणारं कॅलेंडर. मावशीच्या डोक्यातून बरोबर एक खुंटी आणि तिच्यावरची छत्री उगवलेली दिसत होती. खुर्ची वीतभर सरकवल्यावर ती गेली. तेवढ्यासाठी कपाट आवरायची गरज नव्हती. पार्श्वभूमी धूसर करण्याचा पर्याय सगळ्यांना सोपा वाटतो, पण गणिताच्या शिक्षकाने तो लावण्याआधी वही हातात धरून कॅमेऱ्यासमोर आणून बघावी. बऱ्याचदा वहीसुद्धा पार्श्वभूमी समजून पुसली जाते आणि पंचकोनाचे तीनच कोन शिल्लक राहतात.

चौकटीच्या बाबतीत लोक क्लास सुरू होताना एकच फ्रेम घेतात आणि समाधान मानतात. तेव्हा आपण ताठ बसलेलो असतो. अर्ध्या तासाने पाठ वाकते, हनुवटी फ्रेमच्या कडेला टेकते आणि डोक्यावर रिकामी भिंत उरते. मावशीच्या दोन फ्रेम घेतल्या, एक सातला आणि एक साडेसातला, आणि चौकट ठरवली ती साडेसातची बघून. डोळे फ्रेमच्या वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेवर आणि खाली छातीपर्यंतचा भाग, म्हणजे बोटांनी अपूर्णांक दाखवतानाही हात कापले जात नाहीत. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला यावा म्हणून लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं ठेवली. पूर्वी तो खाली होता, त्यामुळे नाकपुड्या आणि छताचा पंखा दोन्ही दिसायचे. पंखा दिसण्यात आणखी एक अडचण असते. पाती ट्यूबच्या खालून फिरतात, तसा उजेड कमीजास्त होतो आणि कॅमेराही चित्र सारखं उजळ-फिकं करत बसतो. लॅपटॉप उंचावल्यावर टाइप करणं अवघड होतं, त्याला इलाज वेगळा कीबोर्ड. मावशी फारसं टाइप करत नाही, म्हणून तिने घेतला नाही.

एक दोष मात्र स्थिर फ्रेममध्ये सापडतच नाही. जुन्या चोकच्या ट्यूबखाली चित्रावरून आडवे पट्टे हळूहळू सरकताना दिसतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. कॅमेरा ६० हर्ट्झच्या हिशोबाने चालत असेल तर दोघांचा ताल जुळत नाही. स्क्रीनशॉटमध्ये यातला एखादाच पट्टा पकडला जातो आणि आपण त्याला सावली समजतो. म्हणून प्रत्येक फ्रेमबरोबर दहा सेकंदांचा व्हिडिओही घ्यावा. पट्टे सरकत असतील तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये `50 Hz` निवडून बघावं. तिथे तो पर्याय नसेल तर क्लासपुरती ती ट्यूब बंद ठेवून चांगला एलईडी दिवा लावावा.

आता मावशीकडे एकच दुखणं उरलंय, चष्म्यातली लकाकी. लॅम्प भिंतीकडे वळवल्याने दिव्याचे ठिपके गेले, पण पांढऱ्या पानाची पीडीएफ उघडली की दोन्ही काचांत निळसर चौकोन उमटतात आणि डोळे दिसेनासे होतात. स्क्रीनचा उजेड निम्म्यावर आणला आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलल्या, तेव्हा चौकोन काचेच्या कडेला सरकले. काल साडेसातच्या फ्रेममध्ये तिचे डोळे पहिल्यांदा नीट दिसले.