सर्वेक्षण अहवालाचा सारांश: एकूण टक्केवारीच्या आत शिरताना

ग्राहक सर्वेक्षणाचा जाडजूड अहवाल हाती आला की नवखी व्यक्ती बहुधा थेट आलेखांकडे वळते. माझ्या अनुभवानुसार आधी प्रश्नावली आणि नमुन्याची माहिती वाचावी. प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारला, तो कोणाला दाखवला आणि किती जणांनी उत्तर दिले, हे कळल्याशिवाय एकही टक्केवारी सारांशात घेऊ नये. ‘६० टक्के ग्राहकांना परतावा उशिरा मिळाला’ हे विधान सर्व ग्राहकांविषयी आहे की फक्त परतावा मागितलेल्यांविषयी, यावर प्रॉडक्ट टीमचे पुढचे काम ठरू शकते.

मुख्य निष्कर्ष लिहिताना सर्वाधिक घोटाळा एकूण आकड्यामुळे होतो. समजा, घरपोच किराणा देणाऱ्या एका अ‍ॅपच्या समाधानी ग्राहकांचे प्रमाण गेल्या वर्षी ७२.५ टक्के होते आणि यंदा ते ६७ टक्के झाले आहे. दोन्ही वेळा ४००० जणांनी उत्तरे दिली आहेत. ‘समाधान साडेपाच अंकांनी घटले’ असा मथळा लगेच सुचतो आणि टीमही बिघाड कुठे झाला ते शोधायला लागते. परंतु हीच उत्तरे जुने ग्राहक आणि नवे ग्राहक अशा दोन गटांत विभागली की चित्र पालटते. गेल्या वर्षी ३००० जुन्या ग्राहकांपैकी २४०० आणि १००० नव्या ग्राहकांपैकी ५०० समाधानी होते, म्हणजे अनुक्रमे ८० आणि ५० टक्के. यंदा १६०० जुन्यांपैकी १३६० आणि २४०० नव्यांपैकी १३२० समाधानी आहेत, म्हणजे ८५ आणि ५५ टक्के. दोन्ही गटांत समाधान पाच अंकांनी वाढले आहे. एकूण आकडा खाली आला, कारण मुळातच कमी समाधानी असलेल्या नव्या ग्राहकांचा उत्तरांतील वाटा २५ वरून ६० टक्क्यांवर गेला. संख्याशास्त्रात याला सिम्प्सनचा विरोधाभास म्हणतात.

अशा वेळी सारांशात मी पुढील आशयाचे वाक्य लिहितो: ‘एकूण समाधान घटलेले दिसते, मात्र जुन्या व नव्या दोन्ही गटांत ते वाढले आहे, घट उत्तर देणाऱ्यांचे मिश्रण बदलल्यामुळे आहे, आणि दोन गटांतील ३० अंकांची दरी तशीच आहे.’ शेवटचा भाग विसरू नये, कारण टीमला काही करता येण्याजोगे त्यातच आहे. नव्यांचा वाटा प्रत्यक्ष ग्राहकवर्गातच वाढला की आमंत्रणे त्यांनाच जास्त गेली, हेही तपासून लिहावे. पहिल्या स्थितीत घट कंपनीच्या दृष्टीने खरीच आहे, दुसऱ्या स्थितीत ती केवळ नमुन्याची करामत आहे.

गट पाडण्याचा मोह मात्र आवरावा लागतो. शहर, वय, फोनचा प्रकार असे पाडत गेले की एखाद्या चौकटीत ४० माणसे उरतात. एवढ्या उत्तरांवर निम्म्याच्या आसपासची टक्केवारी काढली, तर ती नमुना यादृच्छिक असतानाही साधारण १५ अंक इकडेतिकडे असू शकते. १००० उत्तरांना तोच फरक सुमारे तीन अंकांचा असतो. म्हणून प्रत्येक गटाच्या टक्केवारीशेजारी उत्तरांची संख्या लिहावी, आणि लहान गटातील ठळक फरकाची नोंद ‘पडताळून पाहावे’ एवढ्याच शब्दांत करावी.

अनपेक्षित उत्तरांना मी वेगळा परिच्छेद देतो, पण आधी ती खरोखर अनपेक्षित आहेत की प्रश्नाच्या रचनेतून आली आहेत, हे पाहतो. एक प्रकार हमखास भेटतो: एक ते दहा या मापावर ग्राहक १ गुण देतो आणि खाली लिहितो, ‘सेवा उत्तम, मुलगा वेळेवर येतो.’ आपल्याकडे शाळेपासून पहिला क्रमांक म्हणजे सर्वोत्तम, त्यामुळे काही जण १ हाच सर्वोच्च गुण समजतात. १ आणि २ गुण देणाऱ्यांचे लेखी अभिप्राय एकेक करून वाचले की हे लगेच लक्षात येते. अशी उत्तरे परस्पर वगळू नयेत किंवा उलटी करू नयेत. ती किती आहेत आणि बाजूला ठेवल्यास निष्कर्ष बदलतो का, हे सारांशात सांगावे. या चाळणीतूनही जे उत्तर टिकते, उदाहरणार्थ सवलतीपेक्षा मोजून सुटे पैसे परत मिळण्याला जास्त ग्राहकांनी दिलेले महत्त्व, ते ग्राहकाच्या मूळ शब्दांतील एखाद्या अभिप्रायासह द्यावे.

सर्वेक्षणाचे आमंत्रण अ‍ॅपमधूनच गेले असेल, तर अ‍ॅप काढून टाकलेले ग्राहक त्यात नसतात. ही मर्यादा मी तळटीपेत न टाकता पहिल्याच पानावर, मुख्य निष्कर्षांच्या लगेच खाली लिहितो, कारण ‘ग्राहक का सोडून जातात’ हा प्रश्न टीमच्या बैठकीत हटकून निघतो आणि या अहवालातून त्याचे उत्तर देता येत नाही.