पाखाडीवरचा चिरा आणि कोटेशनचा दर

स्वतःच्या नावावर घेतलेलं माझं पहिलं काम गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतलं होतं. मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाला घराभोवती चिऱ्याचं कंपाउंड बांधून हवं होतं. लांबी 60 मीटर, उंची दीड मीटर, जाडी एका चिऱ्याची म्हणजे 9 इंच आणि मध्ये 3 मीटरचं गेट. मी बांधकामाचा दर घनमीटरला 5,400 रुपये दिला. काम झाल्यावर वही उघडली, तर फायदा सोडाच, खिशातले पैसे गेले होते. नव्याने कामं घेणाऱ्यांसाठी तोच हिशोब इथे नीट मांडतो. दर माझ्या त्या कामाचे आहेत, तुमच्या खाणीचे आणि मजुरीचे तुम्ही घाला.

आधी क्वांटिटी. गेट वजा केल्यावर लांबी 57 मीटर राहते. 57 गुणिले 1.5 गुणिले 0.23, म्हणजे 19.67 घनमीटर. इथे मी चुकलो नव्हतो. चूक पुढे, एका घनमीटरचा दर फोडताना झाली.

आमच्याकडचा चिरा साधारण 14 बाय 9 बाय 7 इंचांचा. दोन सेंटीमीटरचा सांधा धरला तर एका चौरस मीटर भिंतीला साडेतेरा चिरे लागतात, म्हणजे घनमीटरला 59. मी 59 चिरे, खाणीतून ट्रकने आणून टाकायचा दर 40 रुपये, असे 2,360 रुपये धरले. एकास सहाच्या मालाला घनमीटरमागे 1.1 गोणी सिमेंट लागतं, ते 390 रुपयांनी 429 झालं. वाळू पाव घनमीटर. 6,000 रुपये ब्रास असेल तर घनमीटरला 2,120 पडतात, कारण ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. पावाचे 530. मजुरीसाठी एक गवंडी आणि दोन हेल्पर दिवसाला सव्वा घनमीटर उचलतात असं धरलं. म्हणजे एका घनमीटरला गवंड्याचा 0.8 दिवस आणि हेल्परचे 1.6 दिवस. 900 आणि 550 रुपये रोजाने हे 1,600 होतात. सगळं मिळून 4,919, त्यावर दहा टक्के, आणि गोळाबेरीज करून 5,400.

कागदावर सगळं बरोबर दिसतं. पण पहिला ट्रक आला तेव्हा ड्रायव्हरने चिरा डांबरी रस्त्याच्या कडेलाच उतरवला, कारण पुढे घरापर्यंत पाखाडी होती. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, खाली सुमारे सत्तर मीटर. एक चिरा तीस किलोच्या आसपास भरतो. बायका डोक्यावर चुंबळ ठेवून एकेक चिरा खाली नेत होत्या, आणि मी वरच्या वळणावर उभा राहून हे पैसे आपण कुठे धरलेत ते आठवत होतो. कुठेच धरले नव्हते. चिऱ्यामागे 5 रुपये हमाली बसली. सरकारी कामात याला लीड म्हणतात आणि त्याचा हिशोब निराळा मांडतात. खासगी कामात तो मांडायचं आपण विसरतो.

दुसरी गोष्ट फूट. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की टणक होतो. ट्रकमध्ये चढवताना, उतरवताना, कोपरा ताशताना काही फुटतातच. पाचव्या दिवशी आमच्या वयस्क गवंड्याने फुटक्यांचा ढीग दाखवला. ‘दादा, ह्ये तुमच्या हिशोबात हायत काय?’ शंभरात आठ निघाले. म्हणजे 59 नव्हे, 64 चिरे घ्यायला हवेत. आता मी ट्रक उतरतानाच मोजतो आणि फुटलेला चिरा वहीत वेगळा लिहितो, कारण प्रत्येक खाणीचा आकडा निराळा येतो. पांढऱ्या मातीच्या गुठळ्या असलेला चिरा दिसला की फूट जास्त येणार हे समजावं.

खरा दर असा निघाला. चिरा 64 गुणिले 45, म्हणजे 2,880. सिमेंट 429, वाळू 530, मजुरी 1,600. पाणी मारणं, परांची आणि घमेली-फावड्यांची झीज मिळून 120. बेरीज 5,559. मी भरलेला दर माझ्या निव्वळ खर्चापेक्षाही कमी होता. आणि यात माझं पेट्रोल, फोन, माझा स्वतःचा पगार यांतलं काहीच नाही.

ओव्हरहेडवर मी जरा थांबणार आहे, कारण कोकणात ते इतर ठिकाणांसारखं मोजून चालत नाही. समजा तुमचा महिन्याचा वरखर्च 36,000 आहे. त्यात 25,000 तुमचा पगार, 6,000 पेट्रोल आणि फोन, 5,000 मिक्सर-सामान ठेवण्याची जागा आणि हिशोबनीस. महिन्याला सहा लाख खर्चाचं काम होतं, तर 36,000 म्हणजे सहा टक्के, असं बरेच जण धरतात. पण जून ते सप्टेंबर आपलं काम बंद असतं. खर्च मात्र बारा महिने चालतो. वर्षाचा वरखर्च 4,32,000. कामं आठच महिने, म्हणजे 48 लाखांची. भागाकार केला की नऊ टक्के येतात. हे तीन टक्के कोटेशनमध्ये नसतील तर गणपतीच्या दिवसांत उसने मागावे लागतात. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या दरपत्रकात नफा आणि ओव्हरहेड मिळून 15 टक्के धरलेले असतात. ते त्यांच्या कामांसाठी आहेत. तुमचा आकडा तुमच्याच वहीतून निघायला हवा.

एका साइटपुरताच लागणारा खर्च मात्र यात मिसळू नका. मिक्सर नेण्याआणण्याचा टेम्पो, सिमेंट झाकायची ताडपत्री, मजुरांची शेड. हा त्या कामावरच टाकायचा.

आता पूर्ण काम पाहू. बांधकामाचे 19.67 घनमीटर आणि 5,559 रुपये दर, म्हणजे सुमारे 1,09,350. खोदाई, पाया, वरचं कोपिंग वगैरे बाकीच्या कामांचा खर्च 70,650 धरू. झाले 1,80,000. साइटखर्च 6,000, म्हणजे 1,86,000. त्यावर नऊ टक्के, 16,740. एकूण खर्च 2,02,740.

नफा दहा टक्के हवा असेल तर इथे पुन्हा घसरायला होतं. खर्चावर दहा टक्के लावले की 20,274 मिळतात आणि किंमत 2,23,014 होते. पण या किमतीत नफ्याचा वाटा दहा टक्के नसतो, नऊच्या थोडा वर असतो. मिळालेल्या पैशातले दहा टक्के शिल्लक हवे असतील तर खर्चाला 0.9 ने भागायचं. उत्तर 2,25,267. फरक सव्वादोन हजारांचा, पण वर्षाच्या 48 लाखांच्या खर्चावर पाहिला तर जाणवतो. जीएसटी कोटेशनवर वेगळ्या ओळीत दाखवा, या दरात गुंडाळू नका.

मालक दर कमी करायला सांगणारच. तेव्हा मी नफ्यातून सरसकट पाच टक्के सोडत नाही, कोटेशनमधली एखादी ओळ काढून दाखवतो. पाखाडीवरची हमाली वेगळी लिहिलेली असते, साधारण 6,300 रुपये. ‘चिरा खाली आणायची माणसं तुम्ही लावा, ही ओळ कमी करतो,’ असं म्हणतो. कधीकधी वाडीतलीच माणसं मिळतात आणि दोघांचंही भागतं. दराखाली मुदत मात्र तीस दिवसांचीच लिहितो, कारण पावसानंतर खाणी सुरू झाल्या की चिऱ्याचा भाव पुन्हा विचारावा लागतो.