केप, पोंचो, क्लोक की श्रग? आधी कडा मोजा

कपड्यांच्या कॅटलॉगमध्ये नावं आणि वर्णनं लिहायचं काम मी सुरू केलं, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका करड्या, विणलेल्या कपड्याला मी ‘केप’ लिहिलं. पुतळ्यावरच्या फोटोत तो खांद्यांवरून सैल पडत होता, बाह्या दिसत नव्हत्या, म्हणजे केपच, असं मला वाटलं. काही दिवसांतच तो परत आला. ग्राहक बाईंनी लिहिलं होतं की समोर उघडत नाही, डोक्यातून घालावा लागतो आणि केस विस्कटतात. तक्रार अगदी बरोबर होती. तो पोंचो होता.

आमचे कटिंग मास्तर तेव्हा एवढंच म्हणाले, “फोटो बघून नाव देऊ नकोस. टेबलावर पसर आणि कडा मोज.” या कामात नव्याने येणाऱ्याला मी आजही सगळ्यात आधी हेच शिकवते.

कडा मोजायच्या म्हणजे काय? कपड्याच्या कुठल्याही मोकळ्या काठावर बोट ठेवायचं आणि काठाकाठाने फिरवत न्यायचं. बोट सुरुवातीच्या जागी परत आलं की एक कड झाली. कुठला काठ राहिला असेल तर तिथून पुन्हा सुरू करायचं. साध्या टी-शर्टला अशा चार कडा असतात: गळा, दोन बाह्यांची तोंडं आणि खालचा घेर.

पोंचोला दोनच. एक गळ्याची आणि दुसरी कपड्याच्या बाहेरच्या काठाची, जी चारही बाजूंनी सलग फिरते. मुळात तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतभागातला पेहराव. एक चौकोनी कापड आणि मध्ये डोकं घालायला चीर. ही चीर पोंचो ओळखायला फार उपयोगी पडते. मोठ्या माणसाच्या डोक्याचा घेर साधारण 56 ते 58 सेंटीमीटर असतो आणि गळ्याचा 38 ते 40 च्या आसपास. न ताणणाऱ्या कापडात डोकं आत जायचं तर चीर निदान 30 सेंटीमीटर लांब हवी, कारण तिचे दोन्ही काठ मिळून 60 सेंटीमीटरचं तोंड उघडतं. म्हणून पोंचोचा गळा कधी घट्ट बसत नाही. तो रुंद असतो, किंवा त्याला लांब चीर असते, किंवा ताणणारी कॉलर असते. हातांसाठी तर वेगळी सोयच नसते. हात वर केला की कापडाची बाजू उचलली जाते आणि हात खालून बाहेर येतो.

हीच चीर समोरून खालपर्यंत फाडत नेली तर गळ्याची कड आणि बाहेरची कड एक होते. असा पुढून उघडा पोंचो कोलंबियात ‘रुआना’ म्हणून ओळखला जातो. कॅटलॉगमध्ये त्याला ‘समोरून उघडा पोंचो’ लिहिलं तरी वाचणाऱ्याला कळतं, पण नुसतं ‘पोंचो’ लिहू नये.

केपचं गणित याच्या उलट आहे. केप गळ्याला नीट बसते, आणि 40 सेंटीमीटरच्या गळ्यातून डोकं जाणार नाही, म्हणून तिला समोरून उघडावंच लागतं. अर्धवर्तुळात कापलेली साधी केप घेऊ. 40 सेंटीमीटरच्या गळ्यासाठी आतली त्रिज्या सुमारे 13 येते. लांबी 70 ठेवली तर बाहेरची त्रिज्या 83, आणि खालचा घेर जवळजवळ 260 सेंटीमीटर. गळ्याशी बेताचं आणि खाली भरपूर, ही केपची ठेवण. टेबलावर पसरली की पोंचो चौकोनी दिसतो आणि केप पंख्यासारखी गोल उघडते. चांगल्या केपला खांद्यावर शिवण किंवा डार्ट असतो, त्यामुळे वजन खांद्यांवर बसतं. हातांसाठी बहुतेक वेळा पुढच्या बाजूला दोन उभ्या चिरा असतात. चिरा असतील तर कडा तीन: गळा-पुढा-घेर मिळून एक आणि चिरांच्या दोन. चिरा नसतील तर एकच.

क्लोकलाही एकच कड असते, म्हणून इथे नवखा माणूस अडतो. खरं सांगायचं तर या दोघांमध्ये काटेकोर रेघ नाही, बाजारात दोन्ही नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जातात. मी दोन गोष्टी बघते. केप साधारण कंबर ते गुडघ्यापर्यंत असते, क्लोक पोटरी किंवा घोट्यापर्यंत उतरतो आणि अनेकदा त्याला डोक्यावर घ्यायची टोपी असते. दुसरं म्हणजे क्लोक गळ्याशी चुण्या घालून फक्त एका बंदावर किंवा हुकावर पेललेला असतो. जड लोकरीचा असा क्लोक मी अंगावर घालून पाहिला आहे. चार पावलं चालल्यावर तो मागे घसरतो आणि हुक थेट गळ्यावर दाब देतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या परिचारिकांच्या केपना आतून छातीवर फुली मारणारे पट्टे असायचे, ते वजन गळ्यावरून काढून घेतात. असे पट्टे असतील तर वर्णनात जरूर लिहा, घालणाऱ्याला त्याने खूप फरक पडतो.

श्रगला कडा तीन, म्हणजे चिरांच्या केपइतक्याच. पण श्रगमध्ये काखेखाली शिवण असते आणि हाताभोवती कापडाची नळी तयार होते. साधा श्रग असा होतो: 150 बाय 50 सेंटीमीटरचं कापड लांबीत दुमडायचं, दोन्ही टोकांकडून 40-40 सेंटीमीटर शिवायचं, मधले 70 मोकळे ठेवायचे. शिवलेला भाग बाह्या झाला. मोकळा भाग मानेमागून पुढे येऊन कंबरेच्या वर पाठीवरून फिरतो, त्याला कॉलर म्हणा किंवा घेर म्हणा, काठ एकच. पुढचे काठ एकमेकांना भेटत नाहीत आणि बटण नसतं. या चौघांत खरी बाही फक्त श्रगलाच.

आता ज्याने सगळे चकतात तो नमुना. माझ्या टेबलावर एकदा चार कडांचा ‘पोंचो’ आला. खांद्यापासून लांबी 65 सेंटीमीटर, रुंदी 110, दोन्ही बाजूंना खालून 40 सेंटीमीटर शिवलेलं आणि वर हातासाठी 25 मोकळे. टी-शर्टइतक्याच कडा, मग याला टॉप म्हणायचं का? मी खालच्या घेराची रुंदी मोजली. तीही 110 च निघाली. म्हणजे शिवण अगदी बाहेरच्या काठावर होती, काखेपाशी कापड आत कापलेलं नव्हतं, नुसत्या दोन बाजू खाली बांधून ठेवल्या होत्या. तो पोंचोच होता. पुढच्या आठवड्यात तसाच दिसणारा दुसरा आला. वर मनगटापासून मनगटापर्यंत 110, पण खालच्या घेराची रुंदी 55. इथे शिवण काखेखालून आत वळली होती, म्हणजे वटवाघळाच्या पंखासारखी बाही तयार झाली होती. त्याला मी ‘पंखबाहीचा टॉप’ लिहिलं. पहिल्याच्या वर्णनात एक वाक्य वाढवलं: ‘डोक्यातून घालायचा, समोरून बंद, हातांसाठी बाजूला मोकळी जागा’.