सुतळीवरचं ऑलिम्पिक: कालरेषेच्या पाठात या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या वर्गात ऑलिम्पिक मूल्यांचा पाठ घ्यायचा म्हटलं की तयारी ठरलेली असते. भिंतीवर सुतळी बांधायची, बारा कार्डं, कपड्यांचे चिमटे, शेवटी पाच प्रश्न, झाला पाठ. मुलं मजेत असतात, फोटोही छान येतात. पण दुसऱ्या दिवशी विचारा, "जुनं ऑलिम्पिक बंद पडल्यावर नवं किती वर्षांनी सुरू झालं?" उत्तर येतं, "पन्नास-साठ वर्षांनी असेल." खरं उत्तर दीड हजार वर्षं आहे. मुलांनी लक्ष दिलं नाही असं नाही, त्यांनी भिंतीवर जे पाहिलं तेच सांगितलं.

सगळी कार्डं सारख्या अंतरावर लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तीन मीटर सुतळी आणि बारा कार्डं, म्हणून वीत-वीतभर अंतर ठेवून टांगली जातात. क्रम बरोबर येतो आणि शिक्षक समाधानी होतात. पण सारख्या अंतरावर टांगलेली कार्डं म्हणजे नुसती यादी. काळ किती गेला हे अंतरातून दिसलं नाही, तर ते वहीत लिहून घेता आलं असतं, सुतळीची गरजच नव्हती.

प्रमाण ठरवा: 1 सेंमी म्हणजे 10 वर्षं. इ.स.पू. 776, म्हणजे नोंद असलेली पहिली स्पर्धा, सुतळीच्या शून्यावर. तिथून इ.स. 393 पर्यंतची वर्षं काढताना दोन्ही आकडे मिळवून 1 वजा करायचा, कारण इ.स.पू. 1 नंतर थेट इ.स. 1 येतं, मध्ये शून्य वर्ष नाही. 776 + 393 − 1 = 1168 वर्षं, म्हणजे 116.8 सेंमी. रोमन सम्राट थिओडोसियस याच्या बंदीमुळे या स्पर्धा संपल्याचं परंपरेनं मानलं जाणारं वर्ष ते हेच. 1896 चं अथेन्स येतं 267.1 सेंमीवर आणि 2024 चं पॅरिस 279.9 वर.

आता भिंतीकडे बघा. 393 आणि 1896 यांच्यामध्ये दीड मीटर नुसती सुतळी आहे. पाठातली सगळ्यात बोलकी जागा हीच, आणि घाईतले शिक्षक नेमकी तीच "रिकामी दिसते" म्हणून कार्डं सरकवून भरून टाकतात. तसं करू नका. फार तर तिथे मुलांच्या ओळखीची एकच खूण लावा: 1674, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक, 244.9 सेंमी. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा प्राचीन ऑलिम्पिक बंद पडून बाराशेहून जास्त वर्षं झाली होती, हे मूल बोट ठेवून मोजतं.

यातून पुढची अडचण येते. 1896 ते 2024 हा सगळा आधुनिक काळ जेमतेम 13 सेंमीत बसतो, म्हणजे पैलवान खशाबा जाधव आणि नेमबाज स्वप्निल कुसळे यांची कार्डं एकमेकांच्या डोक्यावर. इथेच बहुतेक जण प्रमाण सोडून देतात. त्याऐवजी खाली दुसरी सुतळी बांधा, फक्त 1896 पासूनची, 1 वर्ष म्हणजे 2 सेंमी. ती 256 सेंमीची होते. वरच्या सुतळीच्या शेवटच्या 13 सेंमीला रंगीत कागद गुंडाळा आणि खालची सुतळी म्हणजे तेवढाच तुकडा मोठा करून पाहिलेला, हे सांगा. हे सांगितलं नाही तर मुलांना दोन वेगळ्या गोष्टी वाटतात.

खालच्या सुतळीवर कार्डाची रुंदी 7 सेंमीपेक्षा जास्त नको, कारण चार वर्षं म्हणजे 8 सेंमी. टोकियोचं कार्ड मात्र अडेल. नाव "टोकियो 2020", पण स्पर्धा झाली 2021 मध्ये. ते 250 सेंमीवर लावायचं आणि पॅरिस 256 वर, म्हणून एक कार्ड दोऱ्यानं थोडं खाली लोंबकळू द्या. यावर वर्गात हमखास वाद होतो. होऊ द्या.

1916, 1940 आणि 1944 ची कार्डं गाळू नका. कोऱ्या कागदावर "महायुद्ध, स्पर्धा रद्द" एवढंच लिहा. 40, 88 आणि 96 सेंमीवरचे ते तीन पांढरे कागद महायुद्धावरच्या परिच्छेदापेक्षा जास्त सांगतात. पॅरिसला तेहतिसावं ऑलिम्पिक म्हणतात, पण प्रत्यक्षात भरलेल्या उन्हाळी स्पर्धा तीस का, हे कोडंही त्यातून सुटतं.

सुतळी वजनानं मध्ये झोळते आणि खुणा सरकतात. आधी ताणून बांधा, मध्यावर एक खिळा द्या आणि मगच स्केच पेननं खुणा करा. बांधण्याआधी टेबलावर खुणा करून ठेवल्या तर दोन-तीन सेंमीचा फरक पडतो, आणि वरच्या सुतळीवर तो वीस-तीस वर्षांचा होतो.

कार्डावर ठळक अक्षरात वर्ष छापणं

वर्ष समोर दिसलं की मुलं मजकूर वाचत नाहीत, आकडे चढत्या क्रमानं लावतात आणि चार मिनिटांत "झालं बाई" म्हणून मोकळी होतात. वर्ष मागे लिहा, पुढे फक्त घटना. गटानं आधी पेन्सिलनं अंदाज लिहायचा, मग कार्ड उलटायचं. इ.स.पू. ची कार्डं वेगळ्या रंगाची असू द्या, नाहीतर 396 आणि 393 शेजारी-शेजारी लागतात. इ.स.पू. 396 ला स्पार्टाची किनिस्का रथशर्यत जिंकली. रथ तिच्या मालकीचा होता, हाकणारा दुसरा. तिची जागा 38 सेंमीवर आहे, 393 च्या पाऊण मीटरहून जास्त आधी.

खशाबांना "भारताचं पहिलं पदक" म्हणणं

हे कार्ड महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात असतं आणि बऱ्याचदा चुकलेलं असतं. 1900 साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदकं जिंकली, ती भारताच्या नावावर धरली जातात. हॉकीचं पहिलं सुवर्ण 1928 चं. खशाबांचं 1952, हेलसिंकीचं कांस्य हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. "स्वतंत्र" आणि "वैयक्तिक" हे दोन्ही शब्द कार्डावर हवेतच. जागा वाचवायला ते गाळले की गौरव वाढत नाही, नुसती चूक पाठ होते. त्यांचं कार्ड 112 वर येतं आणि नेमबाज स्वप्निल कुसळे यांचं कांस्य 256 वर. मधले 144 सेंमी म्हणजे 72 वर्षं, आणि एवढ्या काळात महाराष्ट्रातल्या कुणालाही ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं नव्हतं. मुलांना हे अंतर दोन हात पसरून मोजायला लावा.

48 सेंमीवर 1920, अँटवर्प. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहून दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि भारताचा संघ गेला. हे कार्ड हमखास विसरलं जातं.

लहान चुका, एकेका ओळीत

ज्योत दौड प्राचीन नाही, ती 1936 च्या बर्लिनपासूनची. मॅरेथॉनही प्राचीन ऑलिम्पिकमध्ये नव्हती, ती 1896 ला आली. पाच वर्तुळं पाच खंडांची खरी, पण निळा रंग अमुक खंडाचा आणि काळा तमुकचा हे शिकवू नका, रंगांची तशी वाटणी नाही. "वेगवान, उंच, ताकदवान, एकत्र" हे ब्रीद आहे, मूल्यं नव्हेत. मूल्यं तीन: उत्कृष्टता, मैत्री, आदर. आणि प्राचीन ऑलिम्पिकच्या तहाच्या काळात सगळ्या ग्रीसमधली युद्धं थांबत नसत. ऑलिंपियाला जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटेत अभय असे, एवढाच त्याचा अर्थ.

ज्याचं उत्तर "हो" आहे असा प्रश्न विचारणं

"खेळात आदर महत्त्वाचा आहे का?" पन्नास मुलं एका सुरात "होऽऽ". याला चर्चा म्हणत नाहीत, ही प्रार्थना झाली. ज्या प्रश्नात दोन मूल्यं एकमेकांना भिडतात तोच प्रश्न वर्गात न्यायचा, आणि तो खऱ्या प्रसंगातून.

टोकियोची पुरुषांची उंच उडी घ्या. कतारचा बारशिम आणि इटलीचा तांबेरी दोघांनी 2.37 मीटर पार केले, तोवर दोघांचीही एकही उडी चुकलेली नव्हती, आणि 2.39 वर दोघेही तिन्ही प्रयत्नांत अडले. अधिकाऱ्यानं निर्णायक उड्यांचा पर्याय सांगितला. बारशिमनं विचारलं, दोन सुवर्णं देता येतील का? नियमात बसत होतं. दोघांनी सुवर्ण वाटून घेतलं आणि एकमेकांना मिठी मारली.

इथपर्यंत सांगून थांबलात तर सगळा वर्ग "किती छान मैत्री" म्हणेल आणि चर्चा संपेल. म्हणून पुढची दोन पानं राखून ठेवा. पहिलं: बेलारूसच्या नेदासेकाऊनंही 2.37 मीटरच पार केले होते, पण आधीच्या चुकलेल्या उड्यांमुळे त्याला कांस्य मिळालं. दुसरं: पॅरिसला 2024 मध्ये न्यूझीलंडचा केर आणि अमेरिकेचा मॅकइवेन 2.36 वर बरोबरीत राहिले, त्यांनी वाटून न घेता निर्णायक उड्या मारल्या, आणि केर 2.34 वर जिंकला. मॅकइवेनला रौप्य.

आता प्रश्न असे:
- टोकियोत उत्कृष्टता कमी पडली का?
- मॅकइवेननं मैत्री नाकारली असं म्हणता येईल का?
- नेदासेकाऊच्या जागी तुम्ही असता तर त्या मिठीकडे बघून काय वाटलं असतं?

तिसऱ्या प्रश्नावर वर्ग गप्प होतो. त्या शांततेत शिक्षकानं बोलायचं नाही. दहा-बारा सेकंद जड जातात आणि नवखे शिक्षक तिथेच स्वतःचं उत्तर देऊन बसतात.

हात वर करायला सांगण्याआधी दोन मिनिटं वहीत एकच वाक्य लिहून घ्या, नाहीतर पुढच्या बाकावरचे तेच चौघे बोलतात. मग पटणारे खिडकीकडे, न पटणारे दाराकडे उभे करा आणि प्रत्येक बाजूला समोरच्यांचं सगळ्यात चांगलं कारण आधी सांगायला लावा.

दोन्ही एकाच तासिकेत उरकणं

जमत नाही. मोजून टांगायलाच पस्तीस मिनिटं जातात आणि प्रश्न घंटेच्या तोंडावर येतात. कालरेषा पहिल्या दिवशी, चर्चा दुसऱ्या दिवशी, आणि मधल्या काळात सुतळी भिंतीवरच. खालची सुतळी 256 वर कापू नका, थोडी लांब ठेवा. 264 वर लॉस एंजेलिस 2028 चं कार्ड लागायचं आहे.