जुन्या भाडेकरूला भाड्याची आठवण करून देताना या चुका टाळा

भाडेकरू सात वर्षं राहतोय, घर नीटनेटकं ठेवतो, शेजाऱ्यांची तक्रार नाही. फक्त पाच तारखेचं भाडं कधी बाराला येतं, कधी सतराला. अशा माणसाला काय लिहावं तेच सुचत नाही, आणि मेसेज एकतर मिळमिळीत होतो, नाहीतर खेकसतो.

मिळमिळीत मेसेज असा असतो: "त्रास देतोय, पण जमलं तर भाड्याचं बघाल का?" यात तारीख कुठेच नाही आणि 'जमलं तर' म्हणून सवलत आपणच देऊन टाकली. समोरून "हो, बघतो" येतं. तो खोटं बोलत नसतो, आपण विचारलंच तेवढं. (शेवटी हसरा चेहरा टाकला की उरलंसुरलं वजनही जातं.)

त्याऐवजी आठ तारखेला एवढंच लिहा:

"नमस्कार. या महिन्याचं भाडं ५ तारखेला यायचं होतं, ते अजून जमा झालेलं नाही. कृपया १० तारखेपर्यंत पाठवा. काही अडचण असेल तर आजच कळवा."

सौजन्य 'नमस्कार', 'कृपया' आणि शेवटच्या वाक्यात आहे, ठामपणा दोन तारखांमध्ये. माफी नाही, टोमणाही नाही.

दुसरी चूक म्हणजे याच मेसेजमध्ये "दर महिन्याला तुमचं हेच" असं जुनं उगाळणं. मग भाडं बाजूला राहतं आणि वाद 'दर महिन्याला' या शब्दावर होतो. सवयीबद्दल बोलायचं ते भाडं जमा झाल्यावर, वेगळं आणि शक्यतो समोरासमोर. आधी मागच्या सहा महिन्यांच्या तारखा काढा. समजा त्या १२, ११, १४, १२, १७, ११ आहेत. दहाच्या आत एकदाही नाही! हा विसराळूपणा वाटत नाही, बहुधा पगारच दहाला होत असावा. सरळ विचारा. तसंच असेल तर मुदत १२ करून दोघांनी लेखी मान्य करा, आणि ती पुढे सरकणार नाही हेही तिथेच लिहा. तारखा कधी ४, कधी २० अशा विखुरलेल्या असतील तर तारीख बदलून काही होणार नाही. तिथे बँकेतून भाडं आपोआप जाण्याची सोय करायला सांगा.

तिसरी चूक चिडल्यावर होते. वर्षभर गप्प राहून उशिराचं भाडं घ्यायचं आणि एके दिवशी "घर रिकामं करा" म्हणायचं. मनात तसं नसेल तर पुढच्या वेळी कोणी मनावर घेत नाही. शिवाय इतके दिवस न बोलता स्वीकारलेला उशीर आपल्याला मान्यच होता, असा अर्थ बऱ्याच ठिकाणी कायद्यातही निघू शकतो. म्हणून आधी लेखी कळवा की पुढच्या महिन्यापासून करारातलीच तारीख धरली जाईल. विलंब शुल्काचं नाव काढण्यापूर्वी ते करारात आहे का, ते पाहा. नसेल तर पुढचा करार होईपर्यंत तो विषय काढू नका.