उघड्या जागेवरची जप्ती : ऑनलाइन निवाडे शोधताना या चुका टाळा

खुनाच्या खटल्यात आरोपीने पोलीस कोठडीत निवेदन केले, पंचांसमक्ष मेमोरँडम पंचनामा झाला आणि शेताच्या बांधावरील वाळक्या गवताखालून त्याने कोयता काढून दिला, असे समजा. बांधावरून कोणीही ये-जा करू शकतो, म्हणून बचाव पक्षाचा वकील ‘उघड्या जागेवरून झालेली जप्ती ग्राह्य धरू नये’ असा युक्तिवाद ठरवतो आणि त्याला आधार देणारा निवाडा शोधू लागतो.

पहिली चूक शोधाच्या शब्दांतच होते. भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू असल्यामुळे अनेकजण केवळ नवे कलम २३ टाकतात. या मुद्द्यावरचे बहुतेक निवाडे मात्र जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली आहेत आणि ती तरतूद आता कलम २३ च्या परंतुकात आहे. म्हणून जुना क्रमांकही टाकावा लागतो. इंडियन कानूनवर असे लिहिता येते :

```
"section 27" ANDD "accessible to all" doctypes: supremecourt
```

असा शोध घेणाऱ्याला मोहम्मद इनायतुल्ला विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९७६ साली प्रसिद्ध झालेला सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा सहज भेटतो. जागा सर्वांना खुली होती आणि आरोपी सुटला, एवढे दिसताच परिच्छेद उतरवून घेणे ही दुसरी आणि माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. त्या खटल्यातील आरोप चोरीचा होता. मुंबईच्या बंदरातून गेलेले रसायनाचे तीन ड्रम एका मुसाफिरखान्याच्या आवारात मिळाले. आरोपीच्या निवेदनातील ‘ड्रम कोठे ठेवले आहेत ती जागा सांगतो’ एवढाच भाग न्यायालयाने ग्राह्य मानला आणि ते आपण हाजी बंदरातून नेले, हा पुढचा भाग वगळला. उरले ते इतकेच, की ड्रम कोठे आहेत हे त्याला ठाऊक होते. चोरीचा माल ज्याच्या ताब्यात सापडतो त्याच्याविरुद्ध कलम ११४ खाली अनुमान काढता येते. परंतु आवार त्याच्या ताब्यात नव्हते, ते सर्वांना खुले होते, आणि ठाऊक असणे म्हणजे ताब्यात असणे नव्हे. जागेचा खुलेपणा तेथे महत्त्वाचा ठरला तो या ताब्याच्या प्रश्नामुळे. खुल्या जागेवरील प्रत्येक जप्ती निरुपयोगी असते, असे त्या निवाड्यात कोठेही ठरलेले नाही.

हे न वाचता उभे राहिल्यास सरकारी वकील हिमाचल प्रदेश राज्य विरुद्ध जीत सिंग हा १९९९ चा निवाडा पुढे करतील. जागा इतरांना खुली होती एवढ्यावरून कलम २७ खालचा पुरावा दूषित होतो ही समजूत चुकीची असल्याचे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वस्तू सामान्यतः इतरांच्या नजरेस पडण्यासारखी होती की नव्हती, हा खरा प्रश्न आहे. सार्वजनिक जागेतील वाळक्या पानांखाली लपवलेल्या वस्तूचे उदाहरणही न्यायालयाने दिले आहे. आपला कोयता नेमका तसाच गवताखाली होता.

दोन्ही निवाडे तथ्यांसह वाचले की युक्तिवादाची दिशा बदलते. जागा खुली होती का, यापेक्षा गवताचा थर किती होता, कोयत्याची मूठ बाहेर दिसत होती का, पंचांनी उलटतपासणीत काय सांगितले आणि पोलीस त्या बांधावर आधीच जाऊन आले होते का, हे नोंदींतून दाखवावे लागते. पात्याचा काही भाग दिसत असल्याचे जप्ती पंचनाम्यातच लिहिले असेल, तर जीत सिंगमधील कसोटी बचाव पक्षाच्याच बाजूने लावता येते. तसे काही नसेल, तर या मुद्द्यावर फार भर न देणेच शहाणपणाचे ठरते.

तिसरी चूक वाचण्यातील आहे. शोधाच्या निकालात दिसणारे ठळक वाक्य पुष्कळदा न्यायालयाचे नसतेच. ते वकिलांनी केलेले कथन किंवा खालच्या न्यायालयाच्या निर्णयाचा सारांश असतो. त्या वाक्याच्या मागील दोन-तीन परिच्छेद वाचून ‘लर्नेड कौन्सेल सबमिटेड’ अशी सुरुवात आहे का, हे पाहावे. आणि तसे असेल तर त्या कथनाला न्यायालयाने पुढे काय उत्तर दिले ते शोधावे. अनेकदा ते कथन फेटाळलेले असते. हेडनोटवरही विसंबू नये, कारण ती संपादकाने लिहिलेली असते.

निवाडा दाखल करण्यापूर्वी ‘सायटेड बाय’ची यादी उघडून अलीकडच्या किमान पाच-सहा निवाड्यांत त्याचा उल्लेख कसा झाला आहे ते वाचावे. यादी लांब आहे एवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण तथ्ये वेगळी असल्याचे सांगून बाजूला ठेवलेल्या निवाड्याचेही नाव त्या यादीत येते. मोठ्या खंडपीठाने वेगळे मत दिले आहे का, हेही तेथेच कळते.